घटक ६ : नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीतील औष्णिक सुख – बाह्य तापमानाच्या चल सरासरीचे प्रतिमान

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- बाह्य तापमानाची चल सरासरी काढता येईल.
- तिच्यावरून खोलीतील सुखतापमान व त्याचा पट्टा ठरवता येईल.
- हे प्रतिमान कोठे लागू पडते व कोठे थांबते, हे सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

शेगावात जानेवारीच्या सकाळी खोलीतील तापमान २२ अंश असले, तर आपण शाल न घेताही बसू शकतो. एप्रिलमधील एखाद्या पावसाळी सकाळी तेच २२ अंश आपल्याला गार वाटतात आणि आपण पंखा बंद करतो. तापमापीवरील अंक तोच असतो. बदललेले असतो आपण. मधल्या आठवड्यांत शरीर, कपडे, पाणी पिण्याची सवय, खिडकी उघडण्याची वेळ आणि ऋतूविषयीची अपेक्षा हे सर्व बदललेले असते.

ज्या इमारतीत यांत्रिक शीतकरण नाही, खिडक्या व पंखे रहिवाशांच्या हाती आहेत, तेथे हा बदल विशेष स्पष्ट दिसतो. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये जगभरातील अनेक इमारतींतील नोंदी एकत्र अभ्यासून हेच दाखवले : अशा इमारतींत लोकांना सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या हवेबरोबर वरखाली सरकते. या निष्कर्षावर उभ्या असलेल्या पद्धतीस ‘अनुकूलनशील औष्णिक सुखाचे प्रतिमान’ म्हणतात. या घटकात आपण त्याचे भारतीय रूप शेगावच्या हवेला लावून पाहणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ चल सरासरी म्हणजे काय?

आजच्या सुखाचा निर्णय केवळ आजच्या उन्हावर होत नाही, तर गेल्या काही आठवड्यांच्या हवेवर होतो. ही ‘गेली हवा’ एका अंकात मांडण्यासाठी चल सरासरी वापरतात. प्रत्येक दिवसाचे कमाल व किमान तापमान घ्यावे, त्यांची बेरीज करून दोनाने भागावे; ही त्या दिवसाची सरासरी झाली. मागील ३० दिवसांच्या अशा सरासऱ्यांची बेरीज करून ३० ने भागले की चल सरासरी मिळते. दुसऱ्या दिवशी यादीतील सर्वांत जुना दिवस गळतो आणि एक नवा दिवस येतो; म्हणून ती ‘चल’.

६.२.२ भारतीय सूत्र

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू व शिमला येथील १६ कार्यालयीन इमारतींत जाऊन काम करणाऱ्यांची मते आणि त्याच क्षणी तेथील तापमाने नोंदवली. सहा हजारांहून अधिक नोंदींवरून २०१४ मध्ये भारतासाठी हे प्रतिमान मांडले गेले आणि पुढे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते आले. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीसाठी सूत्र असे :

सुखतापमान = (०.५४ × ३० दिवसांची चल सरासरी) + १२.८३

या अंकाच्या वर व खाली २.३८ अंशांपर्यंतचा पट्टा सुमारे ९० टक्के लोकांना मान्य होतो, असे समजतात. ०.५४ या गुणकाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. बाहेरची चल सरासरी एक अंशाने वाढली, तर आपले सुखतापमान साधारण अर्ध्या अंशाने वाढते. माणूस हवेशी जुळवून घेतो, परंतु अर्धाच.

रोज गणित करणे शक्य नसल्यास पुढील पट्ट्यांची तक्ता-नोंद वहीत ठेवता येते. प्रत्येक पट्टा ३ अंशांचा असून गणित त्याच्या मध्यबिंदूवर केले आहे. त्यामुळे पट्ट्याच्या कडेला ०.८ अंशापर्यंत फरक पडू शकतो.

| चल सरासरी | सुखतापमान | मान्य पट्टा |
|---|---|---|
| १९ ते २२ | २३.९ | २१.५ ते २६.३ |
| २२ ते २५ | २५.५ | २३.१ ते २७.९ |
| २५ ते २८ | २७.१ | २४.८ ते २९.५ |
| २८ ते ३१ | २८.८ | २६.४ ते ३१.१ |
| ३१ हून अधिक | सूत्राच्या मर्यादेबाहेर | – |

६.२.३ खोलीत मोजायचे काय?

सूत्रातून येणाऱ्या पट्ट्याशी खोलीतील केवळ हवेचे तापमान ताडून पाहणे ही नेहमी होणारी चूक आहे. तापलेला स्लॅब किंवा पत्र्याचे छत हवेला न तापवताही आपल्या डोक्यावर उष्णता सोडत असते. म्हणून हवेचे तापमान आणि सभोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी प्रारण तापमान या दोहोंची सरासरी घेतात. हिला ‘कार्यकारी तापमान’ म्हणतात. वारा मंद असताना ही साधी सरासरी पुरेशी ठरते. टेबल टेनिसच्या चेंडूला मंद काळा रंग देऊन, त्याच्या मध्यभागी तापमापीचा संवेदक बसवून तो बसण्याच्या उंचीवर टांगला, तर त्याचे वाचन कार्यकारी तापमानाच्या बरेच जवळ येते. त्यावर थेट ऊन पडू देऊ नये, आणि वाचन स्थिर होण्यास काही मिनिटे द्यावीत.

६.२.४ एक उदाहरण

अभ्यासासाठी शेगावातील एक दुमजली वाचनालय कल्पू. वरच्या मजल्यावर उघडा स्लॅब आहे; दोन्ही मजल्यांवर खिडक्या आणि छताचे पंखे आहेत. प्रश्न असा : २५ मार्च रोजी दुपारी २ वाजताचा अभ्यासवर्ग कोठे भरवावा?

पहिली पायरी – २३ फेब्रुवारी ते २४ मार्च या ३० दिवसांच्या सरासऱ्यांची बेरीज ८४६ आली असे समजू. ८४६ ÷ ३० = २८.२.

दुसरी पायरी – ०.५४ × २८.२ = १५.२३, त्यात १२.८३ मिळवता सुखतापमान २८.१ अंश. पट्टा २५.७ ते ३०.४ अंश.

तिसरी पायरी – दुपारी २ वाजता वरच्या खोलीतील हवा ३२.२ व प्रारण तापमान ३६.० अंश, कार्यकारी तापमान ३४.१. तळमजल्यावर हवा ३०.६ व प्रारण तापमान ३०.० अंश, कार्यकारी तापमान ३०.३.

निष्कर्ष असा की वरची खोली पट्ट्याच्या ३.७ अंश वर आहे, तर तळमजला पट्ट्यात जेमतेम बसतो. हवेचेच तापमान पाहिले असते, तर दोन्ही खोल्यांत १.६ अंशांचाच फरक दिसला असता. प्रत्यक्षात तो ३.८ अंशांचा आहे. यातून उपायाची दिशाही कळते. वरच्या खोलीचा दोष प्रामुख्याने छताचा आहे. तेथे आणखी एक पंखा लावण्यापेक्षा स्लॅबवर पांढरा परावर्तक लेप देणे किंवा सावली करणे अधिक उपयोगी ठरेल.

आता याच उदाहरणात अचानक लाट आणू. २५ ते ३१ मार्च या सात दिवसांत प्रत्येक नवा दिवस यादीतून गळणाऱ्या दिवसापेक्षा ४ अंशांनी अधिक तापला. चल सरासरीत वाढ होईल ७ × ४ ÷ ३० = ०.९ अंश, सुखतापमानात वाढ होईल केवळ ०.५ अंश. १ एप्रिल रोजी पट्ट्याची वरची मर्यादा ३०.४ वरून ३०.९ वर जाईल. बाहेरची हवा चार अंशांनी पुढे गेली आणि आपली सवय अर्धा अंश सरकली. हंगामाच्या आरंभीची लाट मे महिन्यातील तितक्याच तापमानापेक्षा अधिक का बाधते, याचा एक भाग या गणितात दिसतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

१. मागील ३० दिवसांच्या सरासऱ्यांची बेरीज ७५६ असल्यास सुखतापमान व मान्य पट्टा काढा.
२. वरील उदाहरणात वरच्या मजल्यावर छताचा उपाय अधिक योग्य का ठरतो?

६.२.५ प्रतिमानाच्या मर्यादा

पहिली मर्यादा तापमानाची आहे. ज्या नोंदींवरून सूत्र बांधले गेले, त्यांत बाहेरची चल सरासरी सुमारे १२.५ ते ३१ अंश होती. शेगाव-अकोला परिसरात मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंशांच्या आणि किमान २७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे दिवसाची सरासरी ३१ च्या बरीच वर जाते. ३५ हा अंक सूत्रात घातला, तर सुखतापमान ३१.७ आणि वरची मर्यादा ३४.१ अंश येते. उत्तर नीटनेटके दिसते, पण त्यामागे नोंदी नाहीत. अशा काळात खोली ‘पट्ट्यात आहे’ असे लिहिणे म्हणजे त्रास कागदावरून पुसणे होय. तेव्हा सकाळचे वर्ग, रात्री खिडक्या उघडून दिवसा बंद ठेवणे, कूलर लावणे यांचा विचार करावा. कूलर लावल्यावर ती खोली केवळ नैसर्गिक वायुवीजनाची राहत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी मर्यादा आर्द्रतेची. सूत्रात आर्द्रतेसाठी जागा नाही. मार्चअखेरची कोरडी हवा आणि जुलैमधील दमट हवा यांची चल सरासरी सारखी आली, तर उत्तरही सारखेच येते. परंतु जुलैत घाम लवकर वाळत नाही.

तिसरी मर्यादा शेगावसाठी विशेष महत्त्वाची आहे. प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी या दिवसांत संत गजानन महाराजांच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येथे येतात. रामनवमीस कोकणातून कालच पोहोचलेल्या माणसाने मागील ३० दिवस शेगावात काढलेले नसतात. चल सरासरी गावाच्या नावे काढली जात असली, तरी तिचा खरा आधार माणसाने भोगलेली हवा हा असतो. त्यामुळे निवासाच्या खोल्यांचा विचार करताना स्थानिक पट्टा पाहुण्यांना जसाच्या तसा लावू नये. शिवाय मूळ नोंदी कार्यालयात बसून काम करणाऱ्या प्रौढांच्या होत्या. पायी चालत आलेले, वृद्ध, आजारी व लहान मुले यांच्यासाठी वरची मर्यादा सुरक्षित मानू नये.

शेवटी एक दक्षता. युरोपीय मानकात अलीकडच्या दिवसांना अधिक भार देणारी चल सरासरी वापरतात आणि तेथील गुणक ०.३३ आहे. एका मानकाची सरासरी दुसऱ्याच्या सूत्रात घालू नये. जे सूत्र ज्या सरासरीवर बांधले आहे, ते त्याच सरासरीसह वापरावे.

६.३ सारांश

नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत सुखतापमान स्थिर नसते; ते बाहेरच्या ३० दिवसांच्या चल सरासरीच्या मागे, अर्ध्या गतीने चालते. खोलीत कार्यकारी तापमान मोजून ते मान्य पट्ट्याशी ताडावे. चल सरासरी ३१ अंशांच्या वर गेली, हवा दमट असली किंवा राहणारे नवखे असले, तर सूत्राच्या उत्तरावर विसंबू नये.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१. चल सरासरी २५.२; सुखतापमान २६.४, पट्टा २४.१ ते २८.८ अंश.
२. तेथे प्रारण तापमान हवेपेक्षा ३.८ अंशांनी अधिक आहे. ही उष्णता मुख्यतः तापलेल्या स्लॅबमधून येते. पंखा हवा हलवतो, स्लॅब थंड करत नाही.

६.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील वरच्या व खालच्या मजल्यावरील, अथवा स्लॅबच्या व पत्र्याच्या, दोन खोल्यांत सात दिवस दुपारी २ वाजता काळ्या चेंडूच्या तापमापीने वाचन घ्या. त्याच वेळी घरातील प्रत्येकाला ‘गार, ठीक की गरम?’ असे विचारून उत्तर नोंदवा. सूत्राचा पट्टा आणि माणसांची उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे कारण शोधून दहा ओळींत लिहा.