दूध गार आहे की सेन्सर गंडलाय? इशारे देणाऱ्या यंत्रणेचा खरा खर्च

समजा, तुमच्या दूध संघाच्या दहा संकलन केंद्रांवर बल्क कूलर आहेत. दूध चार अंशांवर ठेवायचे असते, म्हणून प्रत्येक कूलरमध्ये एक तापमान सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो. म्हणजे दिवसाला २,८८० नोंदी. त्यातली बिघडलेली नोंद आपोआप हुडकण्यासाठी विक्रेता लाखाचे कोटेशन घेऊन येतो. सही करण्याआधी हा हिशेब करून पाहा.

सॉफ्टवेअर: शून्य रुपये

`scikit-learn` ही लायब्ररी मोफत आहे आणि एवढ्या नोंदींचे काम साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होते. खर्च होतो तो इशारा आल्यावर धावपळ करणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

पहिली पायरी: साधी मर्यादा, पण सरासरीवर नको

सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेले की इशारा, ही सर्रास वापरली जाणारी पद्धत. ती कुठे फसते ते पाहा. `DS18B20` या लोकप्रिय सेन्सरची वीज क्षणभर गेली, की तो मापन होण्याआधीचा ठरलेला आकडा देतो: ८५ अंश. सात नोंदी अशा आल्या: ३.८, ३.९, ४.०, ४.०, ४.१, ४.२ आणि ८५. सरासरी होते १५.६ आणि प्रमाण विचलन ३०.६. मग ८५ हा आकडा सरासरीपासून जेमतेम २.३ विचलने दूर राहतो. चूक ढळढळीत समोर असून इशारा येत नाही, कारण त्या चुकीनेच मोजपट्टी ताणून ठेवलेली असते.

म्हणून मध्यक घ्या: ४.०. प्रत्येक नोंद त्यापासून किती दूर आहे ते काढा आणि त्या अंतरांचाही मध्यक घ्या: ०.१. त्याला १.४८२६ ने गुणले की विचलनाचा अंदाज मिळतो, सुमारे ०.१५. याच्या साडेतीन पट अंतर ही मर्यादा ठेवली, तर ४.५ च्या वर गेलेली नोंद पकडली जाते. ८५ तर कुठल्या कुठे. मात्र सेन्सर एकाच आकड्यावर अडकला तर अंतरांचा मध्यक शून्य होतो आणि हिशेबच कोलमडतो. त्यासाठी ‘दोन तास आकडा तिळमात्र हलला नाही तर इशारा’ असा वेगळा नियम लावा.

दुसरी पायरी: आयसोलेशन फॉरेस्ट

सकाळ-संध्याकाळ कोमट दूध ओतले की तापमान चढणारच. तेव्हाचे सात अंश ठीक, पण रात्री दोनला नाहीत. असे एकट्या आकड्यावरून न कळणारे प्रकार ही पद्धत हेरते. एखादा रकाना आणि त्यातली एखादी जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून ती नोंदींचे दोन भाग करते, मग त्या भागांचे पुन्हा भाग. घोळक्यातली नोंद वेगळी पडायला बरेच काप लागतात, एकटी पडलेली चार-पाच कापांतच सुटते. तिला नुसते तापमान देऊ नका. दिवसाची वेळ, कॉम्प्रेसरचा करंट आणि गेल्या पंधरा मिनिटांत तापमान किती बदलले हेही द्या.

```python
from sklearn.ensemble import IsolationForest
m = IsolationForest(contamination=0.01)
m.fit(X)
```

इथेच खिशाला चाट बसते. `contamination` म्हणजे नोंदींपैकी किती हिस्सा संशयित धरायचा हे तुम्हीच सांगता. ०.०१ लिहिले की बिघाड असो वा नसो, दिवसाला सुमारे २९ नोंदींवर बोट ठेवले जाणार. प्रत्येकीमागे फोन आणि तपासणी मिळून २० मिनिटे आणि तासाला १२० रुपये मजुरी धरली, तर दिवसाचे ११६० रुपये, महिन्याचे जवळपास ३५ हजार. दोन आठवड्यांत माणसे इशारे बघणेच सोडतील.

म्हणून उलटीकडून चला. रोज पाच तपासण्या परवडतात ना? मग `score_samples` ने सर्व नोंदींना गुण द्या आणि सर्वांत कमी गुणांच्या पाचच तपासा. खर्च दिवसाला २०० रुपये, महिन्याला सहा हजार.

कोटेशन घेऊन येणाऱ्याची परीक्षा

तुमच्या जुन्या नोंदींत स्वतः खोट मिसळा: दहा ठिकाणी ८५, एका रात्री सहा तास अडकलेला आकडा, आणि एका सेन्सरला रोज ०.०२ अंशाने वाढत जाणारी चूक. मग किती सापडल्या आणि फुकटचे इशारे किती आले, हे मोजायला सांगा.

तिसरी खोट बहुधा निसटेल. इतकी हळू सरकणारी चूक मध्यकाला आणि फॉरेस्टला रोजचीच वाटते. तिच्यासाठी महिन्यातून एकदा सेन्सर कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवा. आकडा शून्याच्या अर्ध्या अंशाबाहेर दिसला, तर सेन्सर बदला. या तपासणीचा खर्च बर्फाचा आणि थोड्या वेळाचा.