द्विभाषिक बिलांचे वाचन

प्रश्न : गोंदियातील आमच्या दुकानाच्या खरेदीची मराठी-इंग्रजी बिले संगणकाने वाचताना नावे व रकमा चुकतात. उपाय काय?

उत्तर : टेसेरॅक्टला `mar+eng` अशा दोन्ही भाषा दिल्या, तरी देवनागरी ‘१’ हा इंग्रजी ‘9’ समजला जाण्याचा धोका उरतोच; पण १५० रुपये दराच्या ८ नगांची रक्कम ‘१,२००’ ऐवजी ‘9,200’ अशी उतरली, तर दर व नग यांच्या गुणाकाराशी तिचा ताळा घेताच चूक उघडकीस येते. विक्रेत्याच्या नावाकरिता मात्र पंधरा अक्षरांचा, केवळ रोमन लिपीतील जीएसटी क्रमांक प्रमाण मानावा. परंतु खरेदीदार या नात्याने आपलाही क्रमांक बिलावर असल्यामुळे तो प्रथम वगळावा, आणि उरलेल्याचा आरंभ 27 ऐवजी 22 ने झाल्यास विक्रेत्याची नोंदणी शेजारच्या छत्तीसगडातील समजावी.