बारशाचा रक्तस्राव, सव्वा महिन्याचा रक्तस्राव आणि पाळी

बाळंतिणीच्या अंगावरून जाणे किती दिवस चालते, असे विचारले की बहुतेक घरांतून ‘सव्वा महिना’ हे उत्तर मिळते. हे उत्तर फारसे चुकीचे नाही. पहिले तीन-चार दिवस लाल, पुढे तपकिरी व पातळ आणि मग पिवळसर-पांढरा होत जाणारा हा सूतिकास्राव साधारण चार ते सहा आठवडे टिकतो. परंतु तो सरळ रेषेत कमी होत नाही आणि नातलगांची धांदल उडते ती याच कारणाने.

वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर तळहाताएवढी जखम राहते. स्नायू आवळल्याने तेथील रक्तवाहिन्या मिटतात, त्यांवर खपली धरते आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास ती सुटते. त्या वेळी काही काळ पुन्हा लाल रक्त दिसू शकते. बारसे नेमके बाराव्या दिवशी येत असल्याने दोष पाहुण्यांच्या दृष्टीला किंवा पाळण्याजवळच्या दगदगीला दिला जातो. हा रक्तस्राव एक-दोन तासांत आपोआप ओसरला पाहिजे. तो न ओसरता ताशी एक घडी भिजत राहिली, लिंबाहून मोठ्या गुठळ्या पडल्या, दुर्गंधी, ताप किंवा घेरी आली, तर तो खपलीचा रक्तस्राव नव्हे. वारेचा तुकडा राहणे किंवा गर्भाशयात जंतुसंसर्ग होणे ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी रात्र काढू नये. डॉक्टरमित्रांनी येथे एक भान ठेवावे. सोनोग्राफीत या काळात गुठळी व वारेचा तुकडा यांतील फरक नेहमी स्पष्ट होत नाही आणि गर्भाशय मऊ असल्याने क्युरेटिंगमध्ये ते भोसकले जाण्याचा धोका असतो. म्हणून केवळ सावलीवर विसंबून क्युरेटिंग करू नये. रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि रक्तस्रावाचे प्रमाण हेच आधी पाहावे.

आता दुसऱ्या गैरसमजाकडे वळू. समजा, एका मातेचा स्राव पंचविसाव्या दिवशी थांबला. एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा तीन दिवस थोडे रक्त गेले. ‘पाळी आली’ असे घरात ठरले. प्रत्यक्षात संपूर्ण स्तनपान करणाऱ्या स्त्रीमध्ये छप्पन्न दिवसांच्या आतला असा रक्तस्राव पाळी म्हणून धरत नाहीत. नंतर काहीच दिसले नाही, तेव्हा ‘दूध पाजते आहे, पाळी नाही, तेव्हा दिवस राहणार नाहीत’ असा निर्धास्तपणा आला. तीन महिने झाल्यावर ती नोकरीवर रुजू झाली. बाळाला दिवसा दोनदा वरचे दूध सुरू झाले आणि रात्री ते सात-आठ तास न पिता झोपू लागले. बाळ साडेपाच महिन्यांचे असताना मळमळ होते म्हणून ती आली, तेव्हा सोनोग्राफीत आठ आठवड्यांचा गर्भ दिसला. म्हणजे बाळ चार महिन्यांचे असताना बीज सुटले होते आणि पाळी मात्र एकदाही आली नव्हती.

यात नवल काही नाही, कारण बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. बाळाच्या वारंवार चोखण्याने मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संकेत मंदावतात. चोखणे कमी झाले की ते पुन्हा जागे होतात. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ साली तज्ज्ञांनी यासाठी तीन अटी मांडल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे, पाळी परतलेली नसावी आणि बाळ पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः अंगावर पीत असावे. दोन पाजण्यांत दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून अधिक अंतर पडू नये, असे व्यवहारात सांगितले जाते. तिन्ही अटी पाळल्या तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. वरील उदाहरणात तिसरी अट बाटलीबरोबरच मोडली होती. त्याच आठवड्यात तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन किंवा ‘छाया’ गोळी यांपैकी काही सुरू करायला हवे होते. इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गोळ्या मात्र स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत टाळाव्यात.

अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीला पाळी बहुधा सहा ते आठ आठवड्यांत येते. पाजणाऱ्या स्त्रीला ती सहाव्या महिन्यात येवो वा वर्षाने, दोन्ही स्वाभाविकच. पहिल्या काही पाळ्या पुढेमागे होतात. पाळी आल्याने दूध नासत नाही. त्या दिवसांत ते किंचित कमी वाटले तर बाळाला अधिक वेळा पाजावे. मात्र दोन महिन्यांनंतरही रक्तस्राव अनियमितपणे चालूच राहिला, तर त्याला ‘पाळी बसते आहे’ असे म्हणून सोडून न देता लघवीची गर्भचाचणी करावी. ती सकारात्मक आल्यास नवा गर्भ असू शकतो. क्वचित वारेच्या पेशींचा, पण औषधांना उत्तम दाद देणारा कर्करोगही त्यातूनच उघडकीस येतो.