नोटिफिकेशनच्या बटणांचे पैसे : सोसायटीचं अ‍ॅप बनवून घेताना

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमध्ये सोसायट्या, क्लासेस आणि होलसेलवाले आता स्वतःचं छोटं अ‍ॅप बनवून घेऊ लागले आहेत. कोटेशनमध्ये ‘सेटिंग आणि नोटिफिकेशन’ अशी एक ओळ असते आणि पुढे एकच आकडा. त्या ओळीवर घासाघीस कोणी करत नाही. पण अ‍ॅप टिकणार की महिन्याभरात लोक त्याचा आवाज बंद करणार, हे बरंचसं त्याच स्क्रीनवर ठरतं. त्या ओळीत नेमकं काय मागायचं, त्याला किती लागतं आणि शेवटचा हप्ता देण्याआधी काय तपासायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण : ११२ घरं, १७ प्रकारचे संदेश

बदलापूर पश्चिमेला, नदीपासून जवळ, ११२ सदनिकांची सोसायटी आहे असं धरू. कमिटीने अ‍ॅपमधून जाणाऱ्या संदेशांची यादी केली. गेटवर पाहुणा, पार्सल, कामवाल्या मावशी, मुलं बाहेर पडली. पाण्याची वेळ, टँकर, लाईट बंद, लिफ्टची दुरुस्ती. पूर किंवा आग. बिल, पावती, थकबाकी. सभेची सूचना, इतिवृत्त, तक्रारीचं काय झालं. आणि शेवटी गप्पा व खरेदी-विक्री. एकूण सतरा प्रकार.

यावर पहिलं कोटेशन हमखास असं येतं : प्रत्येक प्रकारासमोर अ‍ॅप, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप अशी तीन बटणं. म्हणजे ५१ बटणं. ‘सगळं रहिवाशांच्या हातात’ हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात रहिवासी पहिली चार बटणं वाचतो, कंटाळतो आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अख्ख्या अ‍ॅपचं तोंड बंद करतो.

या ५१ बटणांचा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही, तो तपासणीत दिसतो. प्रत्येक बटण चालू करून आणि बंद करून, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर पाहावं लागतं. ५१ गुणिले ४ म्हणजे २०४ तपासण्या. एकीला चार मिनिटं धरली तरी साडेतेरा तास. तासाचा दर ७०० रुपये धरला, तर एका फेरीचे सुमारे साडेनऊ हजार. पुढे अ‍ॅपमध्ये मोठा बदल झाला की ही फेरी पुन्हा. ती कोणी करत नाही, म्हणूनच ‘बंद केलं तरी मेसेज येतात’ ही तक्रार जन्माला येते. पाच बटणं असतील तर हेच काम वीस तपासण्यांत, म्हणजे दीड तासाच्या आत होतं.

सतराचे पाच कसे करायचे

प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न विचारा : या बाबतीत दोन घरांची निवड खरंच वेगळी असेल का? पावती आली की कळावं, हे प्रत्येकालाच हवं असतं. तिच्यासाठी वेगळं बटण नको. गप्पा मात्र एकाला हव्या असतात, दुसऱ्याला नको. तिथे बटण लागतं. जिथे निवड सारखीच असते तिथे कमिटीने ठरवून टाकावं आणि जवळचे प्रकार एका नावाखाली घ्यावेत. आपल्या उदाहरणात स्क्रीन अशी उरते :

- दारावर कोण आलं : चालू
- पाणी, लाईट, लिफ्ट : चालू
- बिल आणि पावती (महिन्याला दोन-तीन) : चालू
- सभा आणि तक्रारी (महिन्याला तीन-चार) : चालू
- गप्पा, खरेदी-विक्री (रोज) : बंद

कंसातला आकडा फुकटचा आहे, पण फार कामाचा. बटण बंद करावं की नाही हे माणूस संदेश किती वेळा येतो यावर ठरवतो. नावंही घरात बोलतो तशीच हवीत. ‘सेवा व्यत्यय सूचना’ असं लिहिलं तर कोणाला कळणार? ‘लाईट’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आता पहिली ओळ नीट पाहा. गेटवर पार्सल आलं की घरातल्या सगळ्या फोनवर एकामागून एक घंटा वाजते. सून सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभी. तिला तो फोन घेता येत नाही. घरी सासूबाई आहेत, पण त्यांच्या आधी सुनेचा फोन वाजतो आणि गेटवरचा माणूस ताटकळतो. इथे पाहुणा, पार्सल, मावशी अशी वेगवेगळी बटणं देऊन काहीच सुटत नाही. लागते ती एक निवड : ‘हा फोन दिवसा घरी असतो की बाहेर?’ ‘घरी’ म्हटलेल्या फोनवर घंटा वाजावी, ‘बाहेर’वाल्यावर नुसती नोंद दिसावी. मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांच्या या पट्ट्यात ही एक निवड पाच-सहा बटणांचं काम करते. कोटेशनमध्ये ती नावानिशी लिहून घ्या.

‘रात्री शांत’ ही दुसरी निवड. सुरुवातीची वेळ रात्री १० ते पहाटे ५ ठेवा आणि रहिवाशाला ती बदलता येऊ द्या. डेव्हलपरला एवढं विचारा : त्या वेळात आलेला संदेश सकाळी दिसतो की हरवतो? तो आवाज न करता यादीत पडलेला दिसला पाहिजे.

पूर आणि आग यांना अ‍ॅपमध्ये बटण देऊ नका आणि ‘रात्री शांत’ही लावू नका. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकली होती. अशा रात्री तळमजल्यावरच्या घराला संदेश उठवू शकला पाहिजे. तरीही रहिवासी फोनच्या सेटिंगमधून तोही बंद करू शकतो. अ‍ॅपला त्यावर हुकूम चालवता येत नाही. म्हणून पुरासाठी एसएमएसची दुसरी वाट आणि वॉचमनची शिट्टी दोन्ही राहू द्या.

खर्चाचा हिशेब

खालचे तास हा अशा आकाराच्या कामाचा अंदाज आहे. दर तुमच्या कोटेशनमधला घाला.

- संदेशांची यादी आणि गट पाडणं : ६ तास
- स्क्रीनची आखणी आणि मराठी मजकूर : ६ तास
- पाच रहिवाशांकडून वापरून पाहणं, त्यानुसार दुरुस्ती : ५ तास
- अँड्रॉइड आणि आयफोनचं काम : १८ तास
- सर्व्हरवर निवड जपणं, संदेश योग्य फोनला पाठवणं : १० तास
- तपासणी : ५ तास

एकूण ५० तास. ७०० रुपये दराने ३५,००० रुपये. करणारा जीएसटी लावत असेल तर १८ टक्के धरून ४१,३००. कोटेशनमध्ये पहिल्या तीन ओळी नसतील तर आकडा कमी दिसेल, पण मग गट पाडण्याचं काम तुमच्या रहिवाशांच्या माथी येईल.

खरी गळती दरमहाच्या खर्चात असते. फायरबेससारख्या सेवेतून जाणाऱ्या अ‍ॅपच्या सूचनेला दर संदेशामागे पैसे पडत नाहीत. एसएमएसला पडतात. दर साधारण २० पैसे धरू. घरटी दोन नंबर म्हणजे २२४ नंबर. महिन्याला साठ संदेश धरले आणि ते सगळे एसएमएसने गेले, तर १३,४४० एसएमएस. २,६८८ रुपये, जीएसटीसह सुमारे ३,१७२. फक्त तातडीचे आणि बिलाचे मिळून आठ पाठवले, तर १,७९२ एसएमएस आणि जीएसटीसह सुमारे ४२३ रुपये.

यात एक मेख आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यात काना-मात्राही अक्षर म्हणून मोजल्या जातात. थोडा लांब मराठी संदेश दोन एसएमएस धरला जातो आणि ३,१७२ चे ६,३४४ होतात. म्हणून ‘टँकर आला. पाणी ७ ते ८.’ एवढंच लिहा. शिवाय एसएमएस पाठवण्याआधी दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर संस्थेची आणि संदेशाच्या साच्याची नोंदणी लागते. ती कोण करणार आणि तिचं शुल्क कोणाकडे, हे आधी ठरवा. एसएमएस कशासाठी जाणार हे कमिटीने ठरवायचं. रहिवाशाला एकच पर्याय पुरे : ‘या नंबरवर अ‍ॅप नाही, एसएमएस पाठवा.’ साधा फोन वापरणाऱ्या आजोबांची सोय त्यातच होते.

शेवटचा हप्ता देण्याआधी

काम झाल्यावर अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपच्या माहितीत जाऊन नोटिफिकेशनची यादी उघडा. तिथे तुमचे गट वेगवेगळे दिसले पाहिजेत. Miscellaneous अशी एकच ओळ दिसली, तर डेव्हलपरने सगळे संदेश एकाच चॅनलमध्ये कोंबले आहेत असं समजा. मग दिवाळीच्या शुभेच्छांना वैतागलेला माणूस ती एक ओळ बंद करतो आणि पुराची सूचनाही तिच्यासोबत जाते. ही चूक उशिरा निस्तरणं अवघड असतं, कारण चॅनल एकदा तयार झाला की त्याचा आवाज अ‍ॅपला स्वतःहून वाढवता येत नाही; नवा चॅनल काढावा लागतो.

दुसरं, फोनच्या सेटिंगमधून नोटिफिकेशन बंद करा आणि अ‍ॅप उघडा. स्क्रीनवर बटणं हिरवीच दिसत असतील तर ती खोटं बोलतायत. ‘फोनने सूचना अडवल्या आहेत’ ही ओळ आणि थेट त्या सेटिंगमध्ये नेणारं बटण दिसलं पाहिजे.

तिसरं, अ‍ॅप नव्याने टाका आणि परवानगी कधी मागतं ते पाहा. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला सूचनेची परवानगी मागावी लागते. दोनदा नकार मिळाला की ती चौकट पुन्हा येत नाही. आयफोनवर ती एकदाच येते. उघडल्या-उघडल्या मागितली तर लोक नाही म्हणून मोकळे होतात. रहिवाशाने आपला फ्लॅट नंबर भरल्यावर, ‘गेटवर कोणी आलं तर कळवू का?’ असं विचारून मग मागावी.

चौथं, एका फोनवर गप्पा चालू करा आणि त्याच खात्याने दुसऱ्या फोनवर जा. गप्पा तिथेही चालू दिसल्या पाहिजेत. पुन्हा बंद दिसल्या तर निवड सर्व्हरवर जपलेलीच नाही. ‘घरी की बाहेर’ मात्र दर फोनची वेगळी राहिली पाहिजे.

खरेदी-विक्री आधीच चालू ठेवून द्या, बंद करण्याची वाट तीन स्क्रीन आत लपवा, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही म्हणणं हेच, की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे.

दुकान आणि क्लास

उल्हासनगरच्या होलसेलवाल्याला याच रीतीने तीन गट पुरतात : ऑर्डर आणि माल, उधारी, नवीन माल. पहिले दोन चालू, तिसरा गिऱ्हाईकाने मागितला तरच. अंबरनाथच्या क्लासमध्ये ‘हा फोन कोणाचा : आईबाबांचा की विद्यार्थ्याचा’ ही निवड महत्त्वाची, फीची आठवण मुलाच्या फोनवर जाता कामा नये. बटणं कमी झाली की आखणी आणि तपासणीचे तास घटतात, सर्व्हरचे फारसे नाहीत.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या : गटांची नावं, प्रत्येक गट सुरुवातीला चालू की बंद, आणि वरच्या चार तपासण्या. एकूण रकमेतला तीस टक्क्यांचा हप्ता त्या चारही तपासण्या तुमच्या हाताने, तुमच्याच फोनवर पार पडेपर्यंत राखून ठेवा.