रोखीचा व्यवहार आणि करातली गळती: साखळी तुटते कुठे?

कायद्याप्रमाणे जेवढा कर यायला हवा आणि जेवढा खरोखर जमा होतो, त्यातला फरक म्हणजे करातली तूट. पगारदाराचा कर कंपनी आधीच कापते, त्यामुळे त्याची नोंद दोन ठिकाणी असते. रोखीच्या कामाची नोंद अनेकदा कुठेच नसते.

एक उदाहरण बघू. फर्निचरवाला १ लाखाचं प्लायवूड घेतो, त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० जीएसटी भरतो. माल दीड लाखाला विकला की जीएसटी २७,०००. आधीचे १८,००० वजा करून तो सरकारला ९,००० भरतो.

गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी असलेली कंपनी असेल तर ती बिल मागणारच, कारण तिलाही ते २७,००० वजा करून मिळतात. पण घरगुती गिऱ्हाइकाला वजावट नाही. ते म्हणतं, "बिल राहू द्या, कॅश घ्या." त्याचे २७,००० वाचतात.

आता पुढची गंमत बघा. खरेदी बिलावर आणि विक्री बिलाशिवाय, तर स्टॉक जुळत नाही. मग फर्निचरवाला प्लायवूडही बिनबिलाचं घ्यायला लागतो. म्हणजे गळती शेवटच्या गिऱ्हाइकापासून उलटी वर चढते. अशी लाखो छोटी दुकानं एकेक करून तपासायला खर्चच जास्त येतो.

लक्षात ठेवा, छोटा धंदा म्हणजे करचोरी नव्हे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण बिनबिलाची विक्री कर्ज मागताना बँकेलाही दिसत नाही.