वहीतील माल व दुकानातील माल

महिनाअखेर वहीतील शिल्लक व दुकानातील माल यांचा मेळ कसा घालावा, हे आम्ही एका उदाहरणाने सांगतो. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीवरून माल आणणाऱ्या एखाद्या लहान दुकानाची साखर घेऊ.

आरंभी ३० किलो होती, १०० आली, ७५ विकली. म्हणून वहीप्रमाणे ५५ उरावयास पाहिजे. विक्री थांबवून एकाने तोलावे व दुसऱ्याने लिहावे. वहीतील आकडा तोलणाऱ्यास ठाऊक नसावा, नाहीतर तो नकळत तोच गाठतो. पोत्यात ५० व डब्याचे वजन वजा जाता डब्यात २, असे ५२ किलो भरले. तूट ३ किलोंची.

प्रथम उधारीची वही पाहावी. तेथे २ किलो लिहिलेले, पण विक्रीत उतरविलेले नाहीत, असे आढळले. राहिली तूट १ किलो. ७७ किलो साखर पावपाव किलोने दिली असेल, तर ती ३०८ वेळा तोलली गेली. दर वेळी ३ ग्रॅम अधिक गेले तरी ९२४ ग्रॅम होतात. तेव्हा कोणावर चोरीचा संशय घेण्यापूर्वी तराजू तपासावा.

मग जुना आकडा न खोडता, तारीख घालून ‘घट १ किलो’ असे निराळे लिहावे व ५२ पुढे ओढावे. माल अधिक भरला तरी हर्ष मानू नये. एखादी खरेदी लिहावयाची राहिली असेल, अथवा गिऱ्हाइकास माप कमी गेले असेल.