आधी हात कापा, मग मेश टाका

तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा तिच्यापुढे पोरं बेभान नाचतात. एका छोट्या फिल्मसाठी तसाच एक नाचणारा पोरगा हलता करायचं काम माझ्याकडे आलं. चित्र दुसऱ्याने काढून, तुकडे करून, हाडं बसवून दिलेलं होतं. मला फक्त नाचवायचं होतं. आठवडाभर तो पोरगा नीट नाचलाच नाही, आणि दोष नाचात नव्हताच. तुकडे पाडतानाच काम बिघडलं होतं.

पोरगा समोरून दिसतो. उजवा हात बाजूला ताणलेला असतो, तो छातीवरून डाव्या खांद्याकडे जातो, परत बाहेर येतो आणि मग कमरेमागे जातो. म्हणजे एकाच फेरीत हात एकदा धडाच्या पुढे आणि एकदा मागे. ज्याने तुकडे केले त्याने खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात एकच मेश केला होता, कोपर गुळगुळीत वाकावं म्हणून. कोपर छान वाकायचं. पण एक मेश म्हणजे ड्रॉ ऑर्डरमध्ये एकच जागा: हात पुढे आणला की खांदाही शर्टावर चढायचा, मागे नेला की खांदा एकदम गायब. प्रत्येक अदलाबदलीला खांद्यापाशी एक उचकी दिसायची.

म्हणून पहिली गोष्ट: मेश टाकण्याआधी हात धडाला कुठे-कुठे छेदतो ते कागदावर काढा. मी शेवटी शर्टाची बाही वेगळा तुकडा केली आणि ती कायम सगळ्यांच्या वर ठेवली. हाताचं वरचं टोक तिच्याखाली लपतं, मग हात धडाच्या पुढे असो की मागे, जोड दिसतच नाही. बाही नसेल, उघडा खांदा असेल, तर त्या टोकाला बाह्यरेषा काढूच नका. नुसता त्वचेचा रंग धडाच्या रंगात मिसळला की अदलाबदल डोळ्याला कळत नाही.

अदलाबदल कुठल्या फ्रेमला करायची? माझी फेरी 24 फ्रेमची होती. 0 ला हात बाहेर ताणलेला, 6 ला छातीवर, 12 ला पुन्हा बाहेर, 18 ला कमरेमागे. म्हणून 0 ला हात पुढे आणणारी की, 12 ला मागे नेणारी. छातीवरून हात ‘निघताना’ की टाकायचा मोह होतो, पण तेव्हा बोटं अजून शर्टावर असतात. ड्रॉ ऑर्डरची की हळूहळू बदलत नाही, पायरीसारखी उडी मारते. त्यामुळे हात दोन-तीन फ्रेम तरी धडापासून मोकळा राहील असं पाहा. तपासायचं असेल तर प्रत्येक तुकड्याला वेगळा भडक रंग द्या आणि एकेक फ्रेम पुढे सरका. खऱ्या रंगात न दिसणारी उचकी लगेच पकडता येते.

कोपराचंही सांगतो. कोपरावरच्या बिंदूंना दोन्ही हाडांचं वेट अर्धं-अर्धं दिलं, की हात 90 अंशांत वाकल्यावर ते बिंदू सांध्याच्या जवळ सरकतात. मूळ अंतराचं साधारण 70 टक्केच उरतं. 120 अंशांना ते निम्म्यावर येतं आणि कोपर चिमटल्यासारखं दिसतं. सांध्याजवळ बिंदूंच्या तीन ओळी ठेवून वेट हळूहळू बदललं, तर थोडं सावरतं. पण हात पूर्ण दुमडून पंजा दंडावर आणायचा असेल तर एका मेशवर भिस्त ठेवू नका. एकाच मेशमधले त्रिकोण ठरलेल्या क्रमानेच रंगवले जातात, आणि पंजा कधी दंडाच्या खाली जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. कोपरापाशी दोन मेश करा, दोन्ही त्याच हाडांना बांधा.

स्पाइनमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. आम्ही वापरत होतो त्या आवृत्तीत ड्रॉ ऑर्डरची प्रत्येक की सगळ्या स्लॉटचा क्रम साठवायची, फक्त हाताचा नाही. पायांची की नंतर पुढे-मागे सरकवली की तिच्यासोबत हाताचा जुना क्रमही यायचा, आणि मधेच पंजा शर्टात बुडायचा. म्हणून आधी सगळ्या हालचाली पक्क्या करा, क्रमाच्या की शेवटी टाका. नाचातून उभं राहण्याकडे मिश्रण होतानाही पंजा असाच बुडतो: मूळ सेटिंगमध्ये जुन्या हालचालीचा क्रम मिश्रण सुरू होताच सोडून दिला जातो. `mixDrawOrderThreshold` 0.5 केलं (जुन्या आवृत्तीत नाव `drawOrderThreshold`) की तो निम्म्यापर्यंत टिकतो.

पुढे फिल्मवाल्यांना दोन पोरं गळ्यात हात टाकून नाचताना हवी होती. दोघांचे सांगाडे वेगळे असतील तर एकाचा हात दुसऱ्याच्या मानेमागे आणि पंजा त्याच्या खांद्यावर, हे सरळ जमत नाही, कारण एक अख्खा सांगाडा दुसऱ्याच्या आधी किंवा नंतरच रंगवला जातो. तिथे दोघांना एकाच सांगाड्यात घेतलं आणि पंजा मनगटापाशी कापून वेगळा केला.